पाम बीचवरच्या चलानाचे अरबी भाषांतर: कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

वाशीत चालकाविना गाड्या भाड्याने देणाऱ्या एका एजन्सीकडून आज काम आले. वडिलांच्या उपचारासाठी ओमानहून आलेल्या एका तरुणाने ऑक्टोबरमध्ये त्यांची गाडी घेतली होती. पाम बीच मार्गावर वेगमर्यादा ओलांडली आणि सिग्नल पाळला नाही, अशी दोन कलमे लावलेली चलानाची नोटीस गाडीच्या मालकाच्या, म्हणजे एजन्सीच्या नावावर आली. एजन्सीने नोटिशीची छापील प्रत आणि सोबत आपले मराठी पत्र त्याच्या हाती दिले. पैसे ओमानमधल्या सोहारहून त्याचा मोठा भाऊ पाठवणार आहे. भावाला इंग्रजी जेमतेम येते आणि मराठी अजिबात नाही. नोटिशीत काय लिहिले आहे ते स्वतः वाचल्याशिवाय तो पैसे पाठवणार नाही, आणि ते योग्यच आहे.

हाती आलाय तो व्हॉट्सॲपवरचा फोटो. कागद घडी उघडून हॉस्पिटलच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलेला, वर ट्यूबलाइटची तिरीप. घडी नेमकी रकमेच्या रकान्यावरून गेली आहे आणि तिरीप एकूण रकमेवर पडली आहे. आज जे निःसंशय वाचता आले तेवढेच उतरवले. नोटिशीतले आकडे या नोंदींत जसे छापले आहेत तसेच इंग्रजी आकड्यांत ठेवते, म्हणजे पुढे गोंधळ नको.

```
112/183(1)    2000
119/177       ?500
एकूण          ?,?00
मुदत          12-11-25
```

प्रश्नचिन्हे मुद्दाम ठेवली आहेत. न दिसलेला आकडा अंदाजाने भरला की पुढच्या प्रतीत तो अंदाज राहत नाही, वाचलेला आकडा होऊन बसतो.

तिरप्या रेषेबद्दल आताच लिहून ठेवते. मोटार वाहन कायद्याचे कलम 112 वेगमर्यादा घालून देते आणि 183 ती मोडल्याबद्दलचा दंड सांगते. तसेच 119 वाहतुकीची चिन्हे व सिग्नल पाळण्याचे कर्तव्य सांगते, आणि 177 हे ज्या गुन्ह्यांना वेगळी शिक्षा नेमलेली नाही त्यांच्यासाठीचे सर्वसाधारण दंडाचे कलम आहे. म्हणजे ही रेषा ‘सह’ या अर्थाची आहे, ‘किंवा’ या अर्थाची नाही. अरबीत ‘किंवा’ गेले तर भावाला वाटेल की दोनपैकी कोणतेतरी एकच कलम लागू आहे. म्हणून रेषा आहे तशीच ठेवायची आणि तिचा अर्थ खाली एका ओळीत सांगायचा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजचा दिवस घडीखालच्या आकड्यात गेला. 500 स्वच्छ दिसते, पण त्याच्या डावीकडे कागद मोडला आहे आणि त्या मोडीत एक बारीक उभी काळी रेघ आहे. ती घडीची सावली असू शकते किंवा 1 हा आकडा असू शकतो.

कायद्यात बघून सुटेल असे आधी वाटले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम 177 खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. त्यामुळे घडीखाली 500 असो वा 1500, दोन्ही कायद्यात बसतात. एकूण रक्कमही मदतीला येत नाही, कारण 2500 आणि 3500 या दोहोंमध्ये फरक पडणारा पहिला आकडा फोटोत 2 दिसतो खरा, पण त्याचाही वरचा अर्धा भाग उजेडाने खाल्ला आहे. वेगाच्या ओळीला मात्र कायद्याचा आधार मिळाला. हलक्या वाहनासाठी 183(1) खाली किमान १,००० आणि कमाल २,००० रुपये दंड आहे, त्यामुळे तिथले 2000 हे 7000 किंवा 3000 असण्याची शक्यता नाही.

एजन्सीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, सिग्नलचे पाचशेच असतात, टाकून द्या ना.” पाचशे असण्याचीच शक्यता जास्त होती. पण शक्यतेवर रक्कम लिहायची नाही. त्याला दोन कामे सांगितली. एक, मूळ फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून मागवायचा, कारण फोटो म्हणून पाठवला की ॲप तो आकसून टाकते आणि 8, 3, B यांच्या कडा एकमेकींत मिसळतात. दोन, गाडी त्यांची आहे आणि चासी क्रमांकही त्यांच्याकडे आहे, तर वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर हेच चलान उघडून बघायचे.

```
mahatrafficechallan.gov.in
```

पत्ता मीच टाइप करून पाठवला. फोटोतला क्यूआर कोड वापरू नका असेही सांगितले. चलानाच्या नावाखाली खोट्या लिंका आणि ॲप पाठवून लुबाडणारे खूप झाले आहेत. अशा कागदाचे आपण नेटके अरबी करून दिले तर परक्या माणसाला तो अधिकच खरा वाटेल. सरकारी पोर्टलवर नोंद सापडत नाही तोवर भाषांतर हातातून सोडायचे नाही, हा आमच्या टेबलाचा नियम आहे.

संध्याकाळी उत्तर आले. त्या गाडीवर आधीच्या गिऱ्हाइकांचीही चलाने थकलेली होती, त्यामुळे पोर्टलवर मोठी यादी उघडली. गाडीचा नंबर जुळला एवढ्यावर काहीच ठरत नव्हते. चलान क्रमांक आणि गुन्ह्याची तारीख-वेळ, दोन्ही जुळवून नेमकी नोंद काढली. सिग्नलचे 500, एकूण 2500. मूळ आकाराचा फोटोही आला. त्यात मोडीतली रेघ कागदाच्या कडेपर्यंत लांब गेलेली दिसते, म्हणजे ती घडीच. चलान क्रमांकात मी जिथे 8 की B म्हणून थांबले होते, तिथे 8 आहे.

आता दोन स्वतंत्र ठिकाणांहून आकडे जुळले आणि बेरीजही जुळली: 2000 अधिक 500 म्हणजे 2500. मसुद्यातली प्रश्नचिन्हे काढली, शेजारी ‘पोर्टलवरून खात्री’ असे लिहिले.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरी पौर्णिमेची सुट्टी, त्यामुळे अरबी मसुदा तपासायला चाचा निवांत आले. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. आता मुंब्र्याला राहतात. मस्कतला त्यांनी बरीच वर्षे हिशेबाचे काम केले. अरबी वाचणारे आणखीही मिळतील, पण ओमानचा माणूस आकडा कसा वाचतो हे ज्याला माहीत आहे असा माणूस या कामाला हवाच.

मसुदा बघताच चाचांचे बोट रकमेवर थांबले. नोटिशीत एकूण रक्कम 2,500 अशी स्वल्पविराम घालून छापली आहे आणि मी ती तशीच घेतली होती, कारण जसे छापले तसे ठेवायचे हा नियम. चाचा म्हणाले, “बेटा, ओमानात एका रियालचे हजार बैसे. दुकानात भाव लिहितात तो असाच, 2.500. म्हणजे अडीच रियाल. फोनवर हा स्वल्पविराम बारीक दिसला की तो भाऊ अडीचच वाचेल.”

आपल्याकडे दशांशानंतर दोनच घरे असतात, म्हणून तीन शून्ये किंवा 500 दिसले की हजार हे आपण धरूनच चालतो. ओमान, कुवेत, बहरीन इथल्या चलनांत दशांशानंतर तीन घरे असतात. तिथे 2.500 ही रोजची, पूर्णपणे नेहमीसारखी दिसणारी रक्कम आहे. त्यामुळे वाचणाऱ्याला शंकासुद्धा येणार नाही.

ठरले असे: अरबी मजकुरात आकडा 2500, मध्ये कोणतेही चिन्ह नाही. लगेच पुढे ‘भारतीय रुपये’, कारण नुसते रुपयाचे चिन्ह तिकडे प्रत्येकाला ओळखू येईल असे नाही. त्यानंतर अक्षरी रक्कम, चेकवर लिहितात तशी, शेवटी ‘ला ग़ैर’ म्हणजे ‘फक्त’. अक्षरी लिहिले की चिन्हाचा घोळ उरतच नाही. मूळ नोटिशीत अक्षरी रक्कम नाही, म्हणून ती चौकटी कंसात घातली आणि तळाला सांगितले की चौकटी कंसातले सगळे भाषांतरकाराने जोडलेले आहे.

रियालमध्ये किती होतात तेही लिहा, असे त्या तरुणाने एजन्सीमार्फत कळवले होते. ते मी केले नाही. विनिमयाचा दर रोज हलतो, आणि नोटिशीच्या भाषांतरात दुसरी एखादी रक्कम दिसली की भरायची कोणती हा प्रश्न उभा राहतो. भाऊ हिशेब करू शकतो, त्याला मूळ रक्कम बिनचूक मिळाली म्हणजे झाले.

मग मुदत. नोटिशीत ‘12-11-25 पर्यंत’ आहे. मराठीत ‘बारा तारखेपर्यंत’ म्हटले की बारा तारीख धरून. चाचांनी मसुद्यातला ‘क़ब्ल’, म्हणजे ‘आधी’, हा शब्द खोडून ‘फ़ी मौइद अक़्साह’ असे घातले. त्यात शेवटचा दिवस स्पष्टपणे आत येतो. ‘आधी’ राहिले असते तर एक दिवस कापला गेला असता. पैसे लवकर भरले म्हणून बिघडत नाही हे खरे, पण बाराच्या सकाळी जागा झालेल्या माणसाला मुदत संपली असे वाटले असते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सर्वांत जास्त वेळ आजच्या कामाला दिला, आणि द्यायलाच हवा होता. मजकूर बरोबर टाइप केलेला आहे, एकही कळ चुकलेली नाही, आणि तरीही पडद्यावर आकडा उलटा दिसतो. अरबीत आकडे घालणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यावे, म्हणून सविस्तर लिहिते.

अरबी उजवीकडून डावीकडे जाते, पण तिच्यातले आकडे डावीकडून उजवीकडेच वाचले जातात. एका ओळीत दोन्ही दिशा आल्या की काय कुठे मांडायचे हे युनिकोडचा दिशानियम ठरवतो. संगणक कॅरॅक्टर साठवतो ते टाइप केलेल्या क्रमानेच, दाखवताना मात्र दिशा बघून मांडतो. अरबी शब्दामागोमाग आलेला आकडा हा नियम अरबी ओघातला आकडा धरतो. त्यानंतर दोन आकड्यांमधले चिन्ह कोणते, यावर सगळे अवलंबून असते. तिरपी रेषा असेल तर ती दोन्ही आकड्यांना बांधून ठेवते आणि क्रम टिकतो. आडवी छोटी रेघ असेल तर ती बांधत नाही. मग तीन आकडे तीन सुट्या तुकड्यांसारखे उजवीकडून डावीकडे लावले जातात.

‘शेवटची मुदत’ या अरबी शब्दांपुढे मी नोटिशीतली तारीख जशीच्या तशी घातली. पहिली ओळ टाइप केलेली, दुसरी पडद्यावर दिसलेली:

```
12-11-25
25-11-12
```

वर्ष चार आकडी असते तर 2025-11-12 दिसले असते आणि कोणालाही वर्ष ओळखता आले असते. दोन आकडी वर्षाने घात होतो. 25-11-12 हे बघून माणूस सरळ २५ नोव्हेंबर वाचतो. महिना मधला असल्याने तो जागचा हलत नाही, आणि तेरा दिवसांची सवलत आहे असा समज होऊन मुदत निघून जाते. भर म्हणजे एजन्सीच्या मराठी पत्रात हीच तारीख १२-११-२५ अशी देवनागरीत आहे. देवनागरी न येणाऱ्याला १ हा 9 सारखा दिसतो, त्यामुळे पत्र शेजारी धरूनही त्या भावाला खात्री करता येणार नाही.

कलमाच्या क्रमांकाचे वेगळेच झाले. तिरपी रेषा टिकली, पण कंस सुटून पलीकडे गेला:

```
112/183(1)
(1)112/183
```

दुसऱ्या ओळीत (1) हा अनुक्रमांक वाटतो, जणू यादीतला पहिला गुन्हा 112/183. पोटकलम नाहीसे झाले. 119/177 मध्ये कंस नाही, म्हणून ते शाबूत राहिले. यामुळे नुसती दुसरी ओळ तपासणाऱ्याला सगळे ठीक आहे असे वाटू शकते. तपासायला नेहमी कंस किंवा आडवी रेघ असलेला क्रमांकच निवडावा.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, आकड्याच्या आधी आणि नंतर न दिसणारी दिशाचिन्हे घालायची. मधला मजकूर स्वतंत्र, डावीकडून उजवीकडे, असे ती सांगतात:

```
U+2066  112/183(1)  U+2069
```

पडद्यावर लगेच सरळ झाले. पण ही चिन्हे दिसत नसली तरी मजकुरात असतात. चलान क्रमांक अशा चिन्हांसकट कॉपी करून कोणी पोर्टलच्या चौकटीत चिकटवला, तर डोळ्यांना क्रमांक अगदी बरोबर दिसेल आणि तरी नोंद सापडणार नाही. का सापडत नाही हे तिथे बसलेल्या माणसाला कधीच कळणार नाही. म्हणून जो क्रमांक कॉपी होणार आहे त्याला ही चिन्हे लावायची नाहीत.

दुसरा उपाय साधा आहे आणि तोच घेतला. अरबी वाक्यात आकडे गुंफायचेच नाहीत. दोन रकान्यांचा तक्ता केला. उजव्या रकान्यात अरबी नाव, डाव्या रकान्यात फक्त आकडा किंवा क्रमांक, आणि त्या रकान्याची दिशा डावीकडून उजवीकडे ठरवून दिली. चलान क्रमांक आणि गाडीचा नंबर आपापल्या ओळीत एकटे, शेजारी एकही अरबी अक्षर नाही. वाक्यांत फक्त शब्द राहिले. मुदतीच्या चौकटीत छापील रूप 12-11-25, आणि खाली चौकटी कंसात ‘बुधवार, 12 नोव्हेंबर 2025’, महिना अरबी अक्षरांत. ओमानसाठी ‘नूफ़म्बर’ चालते. इराकचा वाचक असता तर तिथे रुळलेले ‘तिश्रीन अस्सानी’ घातले असते.

वारासाठी चाचांनी आग्रह धरला. तारखेचा एखादा आकडा कुठेही हलला तर वार जुळणार नाही आणि वाचणारा थांबेल, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कोणते आकडे वापरायचे हा प्रश्न चाचांनी पुन्हा काढला. ओमानात दोन्ही चालतात, आपण म्हणतो ते इंग्रजी आणि अरबी लिपीतले पूर्वेकडचे. वयस्कर वाचकाला दुसरे जवळचे वाटतात. पण पोर्टलवर टाइप करायचे ते इंग्रजीच, आणि पूर्वेकडच्या आकड्यांतला पाच हा गोल शून्यासारखा, तर सहा हा आपल्या 7 सारखा दिसतो. मूळ कागद शेजारी धरून ताडून बघणाऱ्याला त्याचा त्रासच होईल. म्हणून सगळीकडे इंग्रजी आकडे आणि अक्षरी रक्कम अरबीत. वर्डची फाईल पाठवायची नाही हेही त्यामुळेच. वर्डमध्ये आकड्यांचे रूप आजूबाजूच्या भाषेप्रमाणे बदलून दाखवण्याची सोय आहे, आणि ती त्याच्या संगणकावर सुरू असेल तर आमचे आकडे तिकडे वेगळेच दिसतील. पीडीएफ पाठवायची.

मग उलट वाचन केले. चाचांनी पीडीएफ फोनवर उघडून अरबीचे मराठी करत मोठ्याने वाचले, आणि मी समोर फक्त मूळ फोटो व पोर्टलची नोंद ठेवली, आमचा मसुदा नाही. मसुदा समोर असला की कान त्याच्याशीच जुळवून घेतो. क्रमांक एकेक आकडा म्हणून वाचले: एक, एक, दोन, तिरपी रेषा, एक, आठ, तीन, कंसात एक. रक्कम एकदा आकड्यांतून आणि एकदा शब्दांतून. तारीख वारासकट.

वाचताना चाचा नोटिशीतल्या ‘गुन्हा’पाशी थांबले. अरबीत आम्ही ‘मुख़ालफ़ा’ ठेवला आहे, ओमानच्या वाहतूक दंडाच्या कागदांत असतो तोच. फौजदारी वजनाचा शब्द वाचून सोहारमध्ये घरभर चिंता पसरली असती, आणि भाऊ अटकेत आहे की काय असे त्यांना वाटले असते.

पीडीएफ एजन्सीला पाठवली. तरुणाला एकच विनंती केली: भावाच्या फोनवर ती उघडल्यावर तक्त्याचा स्क्रीनशॉट परत पाठवावा. आमच्या पडद्यावर सरळ दिसते याला महत्त्व नाही, जो पैसे भरणार त्याच्या पडद्यावर काय दिसते ते बघायचे आहे. रात्री स्क्रीनशॉट आला. 112/183(1) जागेवर आहे, मुदतीची चौकटही ठीक.

१० नोव्हेंबर, सोमवार

भावाचा प्रश्न आला, एजन्सीच्या माणसाने आवाजी संदेश पुढे पाठवला: फक्त वेगाचे पैसे भरले आणि सिग्नलबद्दल हरकत घेतली तर चालेल का? हा प्रश्न भाषांतराचा नाही, आणि त्याचे उत्तर मी देणे बरोबर नाही. नोटिशीत हरकतीबद्दल जे वाक्य आहे त्याचे अरबी तक्त्याखाली दिलेलेच आहे, ते पुन्हा दाखवले आणि वाहतूक शाखेत विचारा असे कळवले. मात्र एक गोष्ट स्पष्ट केली. तक्त्यातल्या दोन रकमा वेगळ्या ओळींत आहेत याचा अर्थ त्या वेगवेगळ्या भरता येतात असा होत नाही. मूळ नोटिशीत त्या तशाच छापल्या आहेत, म्हणून भाषांतरातही तशा आहेत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दोघा भावांनी हरकत न घेण्याचे ठरवले. एजन्सीने पोर्टलवर पूर्ण रक्कम भरली आणि पावती पाठवली. पावतीवरचा चलान क्रमांक आमच्या तक्त्याशी एकेक आकडा करून ताडला, रक्कम 2500, भरणा मुदतीच्या एक दिवस आधी. पावतीचेही अरबी त्याच तक्त्यात करून दिले, व्यवहार क्रमांक एकट्या ओळीत.

तरुणाच्या कागदांचे फोटो माझ्या आणि चाचांच्या फोनवरून काढून टाकले. तक्त्याचा कोरा नमुना पुढच्या चलानासाठी ठेवला आहे. त्यात तारखेच्या चौकटीला वाराची जागा कायमची जोडली.